सतरा ओळींतली सहावी ओळ

जोशुआ ब्लॉक यांनी २००६ साली एक लेख लिहिला आणि जगभरच्या प्रोग्रामरना त्यांच्या रोजच्या वापरातल्या एका छोट्या प्रोग्रामची चूक दाखवून दिली. प्रोग्राम होता बायनरी सर्चचा, म्हणजे चढत्या क्रमाने लावलेल्या यादीतून हवी ती संख्या शोधण्याचा. शब्दकोश मधोमध उघडायचा, हवा तो शब्द अलीकडे आहे की पलीकडे ते पाहायचं, उरलेली अर्धी बाजू सोडून द्यायची आणि पुन्हा मधोमध उघडायचं, तशी ही रीत. जावा भाषेच्या ग्रंथालयातला हा प्रोग्राम खुद्द ब्लॉक यांनीच लिहिलेला होता आणि ही चूक त्यात सुमारे नऊ वर्षं कुणाच्या लक्षात न येता बसून होती. सगळा प्रोग्राम जेमतेम सतरा ओळींचा आणि चूक सहाव्या ओळीत.

ही चूक मी वर्गात आणि कार्यशाळांत अनेकदा शिकवली आहे. पहिल्यांदा शिकवली तेव्हा सतराच्या सतरा ओळी एका स्लाइडवर टाकल्या होत्या. हॉल लांबट होता, मागच्या रांगा भरलेल्या होत्या. मी सहाव्या ओळीबद्दल बोलत होते आणि समोरच्या मुलांचे डोळे पहिल्या ओळीपासून वाचत खाली येत होते. ती सहाव्या ओळीवर पोचली तोवर माझं त्या ओळीबद्दलचं बोलणं संपलेलं होतं. शेवटी एका मुलीने विचारलं, "मॅडम, नक्की कुठली ओळ?" त्या दिवसापासून कोड स्लाइडवर कसा मांडायचा याचा मी नीट विचार करू लागले. तो विचार या एकाच उदाहरणावर इथे मांडते.

सुरुवात ओळी किती दाखवायच्या इथून करू, कारण बाकीचं सगळं त्यावर ठरतं. नेहमीच्या रुंद स्लाइडची उंची पॉवरपॉइंटमध्ये ७.५ इंच, म्हणजे ५४० पॉइंट असते. रुंदी १३.३३ इंच, म्हणजे ९६० पॉइंट. अक्षराचा आकारही पॉइंटमध्येच मोजतात, त्यामुळे हिशोब सोपा होतो. शीर्षक आणि समास सोडले तर उभ्या दिशेने सुमारे ४०० पॉइंट हाती उरतात. त्यात सतरा ओळी बसवायच्या तर एका ओळीला २३-२४ पॉइंट मिळतात आणि ओळींमधली जागा धरता अक्षर १८ पॉइंटचं होतं. लॅपटॉपवर ते झकास दिसतं. फसगत होते ती इथेच.

आता हॉलमध्ये जाऊ. पडद्यावरचं चित्र दीड मीटर उंच आहे आणि शेवटची रांग पंधरा मीटरवर आहे असं धरा. १८ पॉइंट म्हणजे स्लाइडच्या उंचीचा तिसावा भाग, म्हणजे पडद्यावर ५ सेंटिमीटर. पण ही झाली अक्षरासाठी राखलेली पूर्ण उंची. प्रत्यक्ष `a`, `m`, `w` अशी बुटकी अक्षरं तिच्या साधारण निम्मी, म्हणजे अडीच सेंटिमीटर असतात. डोळ्यांच्या दवाखान्यातल्या तक्त्यावरची ६/६ची ओळ आठवा. त्या ओळीतलं अक्षर सहा मीटरवरून वाचायचं असतं आणि ते पावणेनऊ मिलिमीटर उंच असतं. त्याच प्रमाणात पंधरा मीटरवर अक्षर सुमारे २.२ सेंटिमीटरचं हवं. याचा अर्थ असा, की आपल्या अठरा पॉइंटच्या कोडने शेवटच्या रांगेतल्या माणसाला आपण दवाखान्यातल्या सर्वांत कठीण ओळीसमोर बसवलेलं असतं. तक्त्यावर काळं अक्षर शुभ्र पांढऱ्यावर असतं आणि वाचायला वेळही मिळतो. इथे प्रोजेक्टरचा फिकट उजेड असतो, खिडकीतून ऊन येत असतं आणि वक्ता पुढे निघून गेलेला असतो.

ही परीक्षा घरी घेता येते. वरच्या हिशोबात शेवटची रांग चित्राच्या उंचीच्या दहापट अंतरावर आहे. लॅपटॉपवर स्लाइड पूर्ण पडदाभर उघडली की चित्राची उंची पट्टीने मोजा. ती १७ सेंटिमीटर असेल, तर १.७ मीटर मागे जाऊन उभे राहा. तिथून न ताणता वाचता आलं तर शेवटच्या रांगेलाही वाचता येईल. माझ्या अनुभवाने अठरा पॉइंटचा कोड इथे नापास होतो आणि ३२ ते ३६चा पास होतो.

पण ३६ पॉइंटमध्ये सतरा ओळी बसायच्या नाहीत. मग प्रश्न बदलतो. प्रोग्राम कसा बसवायचा हे विसरून, माझं म्हणणं कळायला यातल्या कुठल्या ओळी लागतात ते विचारावं लागतं. बायनरी सर्चच्या या चुकीसाठी लागतात त्या एवढ्याच:

```java
while (low <= high) {
    int mid = (low + high) / 2;
    int midVal = a[mid];
    // ...
}
```

`low` आणि `high` ही शोधाच्या पट्ट्याची दोन टोकं. `mid` हा त्यांचा मध्य. पुढची ओळ त्या मध्यावरची संख्या उचलते. पुढे ती लहान की मोठी हे पाहणाऱ्या ओळी आहेत, पण त्यांत चूक नाही, म्हणून त्या गाळल्या आणि गाळल्या हे `// ...` लिहून सांगितलं. ही खूण मला आवश्यक वाटते. न सांगता गाळलं, तर जाणकार श्रोता "हा कोड चालणारच नाही" म्हणत तिथेच अडतो. नुसते तीन ठिपके न देता त्यांच्यापुढे `//` लिहायचं कारण असं, की जावाच्या दृष्टीने ती टीप होते आणि कुणी तो तुकडा उचलून आपल्या प्रोग्राममध्ये टाकला तरी या ओळीवर तक्रार येत नाही. पूर्ण सतरा ओळी मी वेगळ्या फाइलमध्ये देते. ज्याला सगळं वाचायचं आहे त्याने ते घरी, आपल्या गतीने वाचावं.

अजून एक गोष्ट या तुकड्यात केली आहे, जी चटकन दिसत नाही. मूळ कोडमध्ये `while` क्लासच्या आत, त्यातल्या मेथडच्या आत असतो, म्हणून प्रत्येक ओळीआधी मोकळी जागा असते. `mid`च्या ओळीआधी तर बारा अक्षरांची. त्यातली बाहेरची आठ मी काढून टाकली आणि आतली चार ठेवली. याने किती फरक पडतो ते पाहा. चूक दुरुस्त केलेली ओळ `int mid = low + (high - low) / 2;` ही ३३ अक्षरांची आहे. ३६ पॉइंटच्या मोनोस्पेस फॉन्टमध्ये एक अक्षर सुमारे २१.६ पॉइंट जागा खातं. बारा मोकळ्या जागांसह ४५ अक्षरं, म्हणजे ९७२ पॉइंट. स्लाइडच ९६०ची आहे! चार जागांसह ३७ अक्षरं, म्हणजे ७९९ पॉइंट, आणि दोन्हीकडे ऐसपैस समास सोडूनही ओळ बसते.

हा हिशोब आधी करता आला तो मोनोस्पेस फॉन्टमुळे. मासिकात, पुस्तकात इंग्रजी `i` अरुंद आणि `m` रुंद असतो. मोनोस्पेस फॉन्टमध्ये प्रत्येक अक्षराला, विरामचिन्हाला आणि मोकळ्या जागेलाही अगदी सारखी रुंदी मिळते. ही टाइपरायटरची देणगी आहे. टाइपरायटरचा गाडा प्रत्येक ठोक्याला सारखाच सरकायचा, त्यामुळे दुसरा पर्यायच नव्हता. आयबीएमने १९५०च्या दशकात आपल्या टाइपरायटरसाठी करून घेतलेलं कुरिअर हे त्या घराण्यातलं सर्वांना माहीत असलेलं अक्षर. बहुतेक मोनोस्पेस फॉन्टमध्ये अक्षराची रुंदी त्याच्या आकाराच्या ०.५५ ते ०.६ पट असते. मी हिशोबाला ०.६ धरते, म्हणजे चूक झालीच तर जागा उरण्याच्या बाजूने होते.

कोडला सारखी रुंदी लागते, कारण कोडमध्ये वरच्या ओळीतलं अक्षर आणि खालच्या ओळीतलं अक्षर यांचं नातं असतं. मोकळ्या जागेवरून कुठली ओळ कुणाच्या पोटात आहे ते कळतं. पायथॉनसारख्या भाषेत तर तो व्याकरणाचाच भाग आहे. शिवाय अनेक कंपायलर चूक दाखवताना ओळीखाली एक टोपी काढतात:

```
int mid = (low + high) / 2;
               ^
```

इथे टोपी बरोबर बेरजेच्या चिन्हाखाली आहे. हाच मजकूर साध्या फॉन्टमध्ये टाकला, तर मोकळ्या जागा अरुंद होतात, टोपी डावीकडे घसरते आणि भलत्याच अक्षराकडे बोट दाखवते.

फॉन्ट निवडताना माझं मत स्पष्ट आहे. कुरिअर न्यू जवळजवळ सगळीकडे सापडतो, पण त्याच्या रेषा फार बारीक आहेत आणि प्रोजेक्टरवर त्या विरून जातात. विंडोजवर असाल तर कन्सोलास चांगला. मोफत मिळणाऱ्यांत सोर्स कोड प्रो किंवा जेटब्रेन्स मोनो घ्यावा. निवडलेल्या फॉन्टमध्ये आधी `1 l I` आणि `0 O` टाइप करून पाहा. ही पाच चिन्हं एकमेकांपासून वेगळी दिसली पाहिजेत. काही फॉन्ट `<=` ही दोन चिन्हं जोडून एकच चिन्ह काढतात. ते दिसायला देखणं असतं, पण नवशिक्याला कीबोर्डवर काय दाबायचं तेच कळत नाही. त्यामुळे शिकवण्याच्या स्लाइडवर मी ती सोय बंद ठेवते.

फॉन्ट आपल्या लॅपटॉपवर असणं पुरेसं नाही. कार्यक्रम दुसऱ्याच्या लॅपटॉपवरून होणार असेल आणि तिथे तो फॉन्ट नसेल, तर पॉवरपॉइंट न विचारता दुसरा लावतो. तो मोनोस्पेस असेलच असं नाही. पॉवरपॉइंटच्या सेव्हच्या पर्यायांत फॉन्ट फाइलमध्येच समाविष्ट करण्याची सोय आहे, ती वापरावी. सोबत पीडीएफची एक प्रतही ठेवावी, कारण पीडीएफमध्ये सहसा फॉन्ट आतच बांधलेले असतात.

आता मराठीतून शिकवणाऱ्यांसाठी एक गोष्ट. कोडच्या ओळीशेजारी मराठीत टीप लिहायचा मोह होतो, म्हणजे `// इथे मध्य काढला` असं काही. पण कोडसाठीच्या या फॉन्टमध्ये बहुधा देवनागरी नसते. संगणक ती अक्षरं दुसऱ्या फॉन्टमधून आणतो. देवनागरीत 'क्ष' रुंद आणि 'र' अरुंद, शिवाय जोडाक्षरं, त्यामुळे सारख्या रुंदीचा हिशोब तिथे मोडतो. त्याहून त्रासदायक म्हणजे उंची. वरच्या वेलांट्या, मात्रा आणि खालच्या उकारांसाठी देवनागरी फॉन्ट जास्त उभी जागा मागतो, म्हणून तेवढीच एक ओळ उंच होते आणि खालचा सगळा कोड ढकलला जातो. मी मराठी टीप कोडच्या चौकटीत कधीच लिहीत नाही. शेजारी वेगळी चौकट घेते, तिथे चांगला देवनागरी फॉन्ट लावते आणि दोन्ही चौकटी ओळीत आणते. टीप अशी बाहेर काढली की ती कोडइतकी मोठी करायलाही जागा मिळते.

आता ओळ ठळक करण्याकडे येऊ. पाचच ओळी उरल्या तरी एका वेळी त्यांतल्या एकीबद्दलच बोलायचं असतं. सर्वसाधारण सवय अशी, की त्या ओळीवर लाल रंग टाकायचा. पण कोड एडिटरमधून आणलेल्या मजकुराला आधीच पाच-सहा रंग असतात. शब्द निळे, आकडे हिरवे, टिपा करड्या. त्या गर्दीत लाल हा अजून एक रंग होतो, इतकंच. मी उलट करते. सगळे रंग काढून कोड जवळजवळ काळा ठेवते आणि बोलायची ओळ सोडून बाकीच्या ओळी फिकट करते. पांढऱ्या पार्श्वभूमीवर `#8C8C8C` हा करडा मला मानवतो. ओळी दिसतात, लागल्या तर वाचताही येतात, पण नजर आधी काळ्या ओळीवर जाते. याहून फिकट करडा प्रोजेक्टरवर नाहीसा होतो. मग श्रोत्याला ती ओळ कुठल्या चौकटीच्या आत आहे हे कळेनासं होतं.

ठळक ओळीमागे फिकट पिवळी पट्टी देते, पण एकट्या पट्टीवर विसंबत नाही. जुन्या प्रोजेक्टरवर फिकट पिवळा आणि पांढरा एकच दिसतात. म्हणून पट्टीच्या डाव्या टोकाला एक जाड काळी उभी रेघ असते. रंग ओळखण्यात अडचण असलेल्या श्रोत्यालाही ती दिसते. आणि हो, उजेड असलेल्या हॉलसाठी काळ्या पार्श्वभूमीचा कोड टाळाच. प्रोजेक्टरला काळा रंग पाडता येत नाही. तिथे तो उजेड पाडत नाही एवढंच. खोलीतला उजेड पडद्यावर पडला की काळं करडं होतं आणि त्यावरचा गडद निळा किंवा लाल शब्द बुडून जातो.

या चुकीसाठी माझ्या आता पाच स्लाइड असतात आणि पाचहींवर कोड त्याच जागी असतो. पहिलीवर पाचही ओळी सारख्याच काळ्या. इथे मी काही बोलत नाही, लोकांना वाचू देते. दुसरीवर फक्त `mid`ची ओळ काळी. तिसरीवर तीच ओळ काळी आणि खाली मोकळ्या जागेत आकडे: `low` १५० कोटी, `high` २०० कोटी. बेरीज ३५० कोटी. जावाच्या `int`मध्ये जास्तीत जास्त २,१४,७४,८३,६४७ मावतात, म्हणजे २१५ कोटींहूनही थोडे कमी. बेरीज ती हद्द ओलांडते, मोजमापाचं चाक फिरून उलट्या टोकाला जातं आणि उत्तर येतं उणे ७९,४९,६७,२९६. त्याचं निम्मं उणे ३९,७४,८३,६४८. चौथीवर `mid`ची ओळ फिकट होते आणि `a[mid]`ची काळी. यादीतली उणे एकोणचाळीस कोटीवी जागा मागितली जाते, तशी जागा नसते आणि प्रोग्राम `ArrayIndexOutOfBoundsException` म्हणून कोसळतो. पाचवीवर फक्त दुसरी ओळ बदलते:

```java
    int mid = low + (high - low) / 2;
```

दोन टोकांची बेरीज करण्याऐवजी त्यांच्यातलं अंतर काढलं, ते निम्मं केलं आणि खालच्या टोकात मिळवलं. कुठलीही मधली संख्या `high`च्या पुढे जात नाही. चूक इतकी वर्षं का दिसली नाही, हेही इथेच सांगता येतं. ती दिसायला यादीत सुमारे १०७ कोटींहून जास्त नोंदी लागतात.

पाचही स्लाइडवर कोड एकाच जागी असल्याने पुढे जाताना फक्त बदललेली गोष्ट हलल्यासारखी वाटते, आणि हलणाऱ्या गोष्टीकडे डोळा आपोआप जातो. यासाठी पहिली स्लाइड पूर्ण करून तिच्याच प्रती काढायच्या आणि प्रतीत रंग बदलायचे. मजकुराची चौकट वरच्या कडेला धरलेली हवी. मधोमध धरलेली असेल, तर एक ओळ वाढताच सगळा कोड वर सरकतो. मजकूर मावला नाही की अक्षर आपोआप लहान करण्याची सोय बंद हवी, नाहीतर तिसऱ्या स्लाइडवर ३६ पॉइंट गुपचूप ३२ झालेले असतात. ओळ आपोआप मोडून खाली आणण्याची सोयही बंद करा, म्हणजे ओळ लांब झाली तर चौकटीबाहेर गेलेली लगेच दिसेल.

ब्राउझरमध्ये चालणाऱ्या स्लाइडसाठी reveal.js वापरत असाल, तर प्रती काढाव्या लागत नाहीत. कोडच्या खुणेत ओळींचे क्रमांक दिले की प्रत्येक कळीला पुढची ओळ उजळते आणि बाकीच्या मंद होतात:

```html
<code data-line-numbers="2|3">
```

पॉवरपॉइंटमध्ये कोड हाताने टाइप केला, तर एक धोका राहतो. तो सॉफ्टवेअर आपल्याला गद्य लिहिणारा समजतो. ओळीच्या सुरुवातीचा `while` तो `While` करतो, सरळ अवतरणचिन्हं वळलेली करतो, दोन आडव्या रेघा जोडून एक लांब रेघ करतो. पडद्यावर हे कुणाच्या लक्षात येत नाही. लक्षात येतं ते विद्यार्थी स्लाइडवरून कोड उचलून चालवतो तेव्हा. एकदा माझ्या कार्यशाळेत जवळपास निम्मा वर्ग `illegal character: '\u201c'` या एकाच संदेशावर अडला होता. तो आकडा म्हणजे वळलेलं उघडणारं अवतरणचिन्ह. ऑटोकरेक्टच्या या सोयी बंद करा आणि कोड एडिटरमध्ये चालवून पाहिल्यावरच तिथून स्लाइडवर आणा. एडिटरचा स्क्रीनशॉट चिकटवू नका. तो मोठा केला की धूसर होतो, त्यातली एक ओळ फिकट करता येत नाही आणि कुणाला तो उचलूनही घेता येत नाही.

कार्यक्रमाच्या दिवशी अर्धा तास आधी हॉलवर पोचा. दिवे लावा, पडदे कार्यक्रमात असतील तसे ठेवा आणि दुसरी स्लाइड उघडी ठेवून शेवटच्या रांगेत कोपऱ्यातल्या खुर्चीवर जाऊन बसा. तिथून `low` आणि `high`च्या मधलं बेरजेचं चिन्ह स्पष्ट दिसलं पाहिजे. दिसत नसेल तर एक ओळ अजून काढा आणि अक्षर वाढवा.